गाइडनं मुदतवाढीला ‘हो’ म्हटलं होतं का? ईमेल वाचायची रीत

पीएचडीचा विद्यार्थी म्हणतो, ‘मॅडम मेलवर हो म्हणाल्या होत्या.’ मॅडम म्हणतात, ‘मी असं काही कबूल केलं नव्हतं.’ दोघंही एकाच मेलकडे बोट दाखवतात, आणि बहुतेक वेळा दोघंही खोटं बोलत नसतात. विभागात अशा तक्रारींचे कागद वाचायचं काम माझ्याकडे बरीच वर्षं आलं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. वाद ‘हो’ म्हटलं की नाही यावर क्वचितच असतो. खरा प्रश्न असतो तो ‘हो’ कशाला होता, आणि ते म्हणायचा अधिकार गाइडचा होता का. मेल त्या क्रमानं वाचले तर उत्तर सापडतं.

सोयीसाठी एक उदाहरण घेतो. ते मी रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण खऱ्या कागदांत पाहिलेली आहे.

एका विद्यार्थिनीचा पीएचडीचा प्रवेश 10 जानेवारी 2018 चा. तिला यूजीसीचे 2016 चे विनियम लागू. त्यांत कमाल मुदत सहा वर्षं, म्हणजे तिची 9 जानेवारी 2024 ला संपते. स्त्रियांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. ‘देता येते’ हे शब्द महत्त्वाचे, कारण ही सवलत आपोआप लागू होत नाही. अर्ज, शिफारस आणि विद्यापीठाची मंजुरी लागते. फेब्रुवारीत ती ऑफिसात गेली तेव्हा कळलं की मुदतवाढीचा अर्ज पोचलेलाच नाही आणि नोंदणी संपलेली आहे.

## मेल उघडण्याआधी: कुठली मुदत?

आपल्याकडे ‘एक्स्टेन्शन’ हा एकच शब्द तीन-चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एखाद्या प्रकरणाचा मसुदा द्यायची तारीख पुढे ढकलणं हे पूर्णपणे गाइडच्या हातात असतं. त्यांनी मेलवर ‘चालेल’ लिहिलं की विषय संपला. सिनॉप्सिस दिल्यानंतर प्रबंध सादर करायची मुदत विद्यापीठाच्या नियमानं ठरते. नोंदणीची मुदत तर विद्यापीठच वाढवू शकतं. तिथं गाइड फक्त शिफारस करतात, ती संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे जाते, आणि पुढे विद्यापीठाचं पत्र निघतं. फेलोशिपची मुदत हा आणखी वेगळा विषय. जेआरएफ आणि एसआरएफ मिळून पाच वर्षं संपली की नोंदणी वाढली तरी पैसे त्यासोबत वाढत नाहीत.

म्हणून आधी कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहा: प्रकरणाची तारीख, शिफारस, मंजुरी. पुढे प्रत्येक मेल यांपैकी कुठल्या ओळीत बसतो ते पाहायचं आहे. हा कागद न करता मेल वाचायला बसलात तर प्रत्येक ‘ओके’ सगळ्यात मोठ्या मुदतीला चिकटतो. विद्यार्थ्याच्या मनात तीच भीती असते, त्यामुळे त्याला ते तसंच दिसतं.

## मेल गोळा करणं

स्क्रीनशॉटवर काम करू नका. त्यात वरचा आणि खालचा मजकूर कापलेला असतो, कोणाला प्रत गेली ते दिसत नाही, जोडपत्र उघडत नाही. उत्तराखाली ‘>’ लावून येणारा जुना मजकूरही पुरावा मानू नका, कारण उत्तर लिहिणाऱ्याला तो बदलता येतो किंवा त्यातला अर्धा काढून टाकता येतो. मूळ मेल दोन्ही बाजूंच्या खात्यांतून मागा. एकाच्या ‘सेंट’मधला मेल दुसऱ्याच्या ‘इनबॉक्स’मध्ये आहे का, हे जुळवून पाहिल्यावर निम्मे घोळ तिथंच सुटतात.

शोधताना फक्त ‘मुदतवाढ’ किंवा ‘extension’ हे शब्द टाकू नका. ज्या मेलमध्ये खरी संमती असते त्यात हा शब्द बहुधा नसतोच. तारखांच्या पट्ट्यानं सगळे मेल काढा, दोन्ही टोकांना थोडी मोकळीक ठेवा, आणि कचऱ्यात गेलेलेही शोधा. जीमेलमध्ये असं:

```
in:anywhere {from:guide@example.edu to:guide@example.edu} after:2023/10/25 before:2024/02/15
```

आपल्या उदाहरणात विद्यार्थिनीनं मध्येच विषयाची ओळ बदलली होती. ‘मुदतवाढ’ या साखळीत गाइडचं शेवटचं उत्तर 1 डिसेंबरचं दिसत होतं, आणि तिच्या तक्रारीतही तेवढंच जोडलेलं होतं. नंतरची दोन उत्तरं ‘वेळापत्रक’ आणि ‘पत्राचा मसुदा’ या वेगळ्या साखळ्यांत होती. तिची सगळ्यात मजबूत बाजू तिनंच जोडली नव्हती.

निर्णायक वाटणारे दोन-चार मेल असतील त्यांचं मूळ रूपही पाहा. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांच्या मेन्यूत ‘Show original’ आहे. तिथं पाठवल्याची वेळ, ‘Message-ID’, आणि हे उत्तर नेमकं कुठल्या मेलला दिलं ते सांगणारी ‘In-Reply-To’ ही ओळ मिळते. ही शेवटची ओळ फार कामाची असते. ‘चालेल’ एवढंच लिहिलेलं उत्तर कोणत्या प्रश्नाखाली दाबून पाठवलं होतं, ते तिथून कळतं. एक लक्षात ठेवा: काही लोक नवा मेल लिहायचा कंटाळा करून जुन्याच मेलला ‘रिप्लाय’ करतात. त्यामुळे ही ओळ मजकुराशी ताडूनच वापरायची.

## प्रश्न आणि उत्तर समोरासमोर

आता मेल तारखेनुसार लावा आणि प्रत्येक मेलमधले प्रश्न सुटे करा. मेल एक, पण प्रश्न दोन, असं सर्रास असतं. 2 नोव्हेंबर 2023 चा विद्यार्थिनीचा मेल पाहा:

‘मॅडम, माझी नोंदणी 9 जानेवारीला संपते आहे. काम अजून राहिलं आहे, सहा महिने वाढवून मिळतील का? आणि चौथ्या प्रकरणाचा मसुदा 15 नोव्हेंबरऐवजी 30 ला दिला तर चालेल का? मध्ये दिवाळी आहे.’

4 नोव्हेंबरचं उत्तर: ‘चालेल. पण आकृत्या नीट करून पाठव.’

तक्रारीत हेच उत्तर पहिलं होतं आणि त्याखाली लाल रेघ होती. पण उत्तरातला शब्द कुठून उचलला आहे ते पाहा. पहिल्या प्रश्नाचं क्रियापद ‘मिळतील का’ आहे, दुसऱ्याचं ‘चालेल का’. उत्तर ‘चालेल’ असं आहे. शिवाय आकृत्या प्रकरणात असतात, नोंदणीत नसतात. हा ‘हो’ प्रकरणाच्या तारखेला आहे. आपल्या कागदाच्या पहिल्या ओळीत तो लिहायचा, आणि पहिला प्रश्न अनुत्तरित म्हणून नोंदवायचा. अनुत्तरित म्हणजे नकारही नव्हे. गाइडच्या बाजूनं ‘मी तेव्हाच नाही म्हटलं होतं’ असं कोणी म्हटलं तर तेही या मेलवरून सिद्ध होत नाही.

28 नोव्हेंबरला विद्यार्थिनीनं अर्ज जोडून विचारलं, ‘शिफारस द्याल का?’ 1 डिसेंबरला उत्तर आलं: ‘अर्ज पाहिला. कारणं जरा सविस्तर लिही. आरएसी झाली की बघू.’

या उत्तराची तीन वाक्यं तीन कामं करतात. ‘पाहिला’ म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच. ‘सविस्तर लिही’ म्हणजे अर्ज पुढे जाणार आहे असं धरून केलेली सूचना. तिच्यातून गाइडचा कल दिसतो, निर्णय दिसत नाही. आणि ‘बघू’. मराठीत ‘बघू’चा अर्थ माणसागणिक बदलतो. कोणाचा ‘बघू’ म्हणजे सभ्य नकार असतो, कोणाचा खरोखरच ‘नंतर ठरवू’. तो शब्दकोशातून सुटत नाही. त्या गाइडनं याआधी ‘बघू’ म्हटल्यावर काय केलं, ते जुन्या मेलमधून पाहावं लागतं. इथं मात्र ‘बघू’ला एक खुंटा आहे: आरएसी. म्हणजे अट घातली आहे. अट पुरी झाली का हे मेलबाहेर शोधायचं. त्यासाठी बैठकीचं इतिवृत्त आणि सहामाही प्रगती अहवाल काढा. 2016 च्या विनियमांनुसार या अहवालाची प्रत विद्यार्थ्याला मिळायला हवी, म्हणून ती मागताना संकोच करू नये.

‘नोटेड’, ‘ओके’, ‘पाहते’, ‘ऑफिसशी बोल’ ही उत्तरंही याच जातीची. ‘नोटेड’ म्हणजे वाचलं, एवढंच. ‘ऑफिसशी बोल’ म्हणजे माझ्याकडून हरकत नाही, असा अर्थ विद्यार्थी काढतात. कधी तो बरोबरही असतो, पण एकट्या त्या वाक्यावर काहीही उभं करू नका.

## ‘ठरल्याप्रमाणे’ आणि त्यानंतरची शांतता

18 डिसेंबरला आरएसीची बैठक झाली. 19 ला विद्यार्थिनीनं लिहिलं: ‘कालच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे जूनपर्यंत मुदत मिळाली आहे. त्यानुसार वेळापत्रक जोडत आहे.’ आठ दिवस उत्तर नाही.

तोंडी बोलणं झाल्यावर असा मेल पाठवणं ही चांगली सवय आहे, पण वाचताना त्याची किंमत नीट ठरवा. तो एका बाजूनं लिहिलेला आहे. विद्यार्थ्याच्या आठवणीचा तो ताजा पुरावा आहे, गाइडच्या संमतीचा नाही. ‘त्यांनी खोडून काढलं नाही, म्हणजे मान्य होतं’ हा युक्तिवाद मी सहसा स्वीकारत नाही. डिसेंबरअखेर परीक्षा, पेपर तपासणी, सुट्ट्या असतात, आणि गाइडच्या खात्यात न वाचलेले मेल साचलेले असतात. गप्प राहण्याला दुसरं साधं कारण असू शकतं तेव्हा त्यातून होकार काढू नये.

पण मौन मोडल्यावर काय म्हटलं गेलं ते मात्र बारकाईनं वाचा. 27 डिसेंबरला ‘वेळापत्रक’ साखळीत गाइडचं उत्तर आलं: ‘जूनच्या हिशेबानं विश्लेषणाला वेळ कमी पडेल. ते मार्चमध्ये संपव, एप्रिल-मे लिखाणाला ठेव.’

यात ‘मुदतवाढ’ शब्द नाही, ‘मान्य’ नाही. तरी आत्तापर्यंतच्या सगळ्या मेलमध्ये हा वजनदार आहे. नोंदणी 9 जानेवारीला संपणार हे ज्या गाइडला ठाऊक आहे, त्या गाइड मार्च, एप्रिल, मे यांचं काम वाटून देत आहेत. मुदत वाढेल असं धरल्याशिवाय हा मेल लिहिताच येत नाही. माणसानं काय म्हटलं यापेक्षा काय गृहीत धरून पुढचं काम केलं, त्यात संमती जास्त स्पष्ट दिसते. ‘9 जानेवारी’ ही तारीख गाइडला माहीत होती हे मात्र दाखवता आलं पाहिजे. इथं ती 2 नोव्हेंबरच्या मेलमध्ये आहे आणि त्याच मेलला त्यांचं उत्तर आहे, म्हणून दाखवता येतं.

या मेलचीही मर्यादा आहे. गाइडला मुदतवाढ अपेक्षित होती, इतकंच तो सांगतो. ती मंजूर झाली असं तो सांगत नाही, सांगूही शकत नाही.

## पत्राचा मसुदा, आणि मध्यरात्रीचा ‘उद्या’

आपल्याकडे शिफारसपत्राचा मसुदा बहुतेक वेळा विद्यार्थीच करतो आणि गाइड सही करतात. त्यामुळे शिफारसपत्राची भाषा विद्यार्थ्याची आहे, यावरून शंका घेऊ नका. सही असेल तर ते पत्र गाइडचंच. सही नसेल तर तो विद्यार्थ्याचा कागद, फाइलचं नाव काहीही असो. मधला एक प्रकार मात्र असतो: सही नाही, पण गाइडनं मसुद्यात दुरुस्ती सांगितली आहे.

5 जानेवारी 2024 ला विद्यार्थिनीनं मसुदा पाठवला. उत्तर: ‘पत्र ठीक आहे. नुसतं जून न लिहिता 30 जून 2024 लिही. उद्या सही करते.’

इथं प्रश्न एकच, उत्तर नेमकं, जोडपत्र वाचल्याची खूण आत, आणि शब्द स्वतःच्या कृतीचा. शिफारस करायला गाइड तयार होत्या, हे या एका मेलवरून निःसंशय म्हणता येतं. एक तपासणी तेवढी करा. साध्या ‘रिप्लाय’मध्ये मूळ जोडपत्र परत जात नाही. म्हणून गाइडनं कुठल्या मसुद्याला ‘ठीक’ म्हटलं ते विद्यार्थिनीच्या ‘सेंट’मधल्या मेलमधून उघडून पाहावं लागतं. नंतर दुरुस्त केलेली फाइल जोडून ‘हे मान्य केलं’ असं सांगितलं गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. इथं मसुद्यात ‘जून’ होतं आणि दुरुस्तीही ‘जून’लाच सुचवली होती, म्हणून फाइल तीच.

आता वेळ. विद्यार्थिनीनं नंतर छापून आणलेल्या प्रतीवर या उत्तराची वेळ 8 जानेवारी, 18:40 अशी होती. त्यावरून विद्यार्थिनीचं म्हणणं होतं: 8 च्या संध्याकाळी ‘उद्या सही करते’ म्हणाल्या, म्हणजे 9 ला, मुदतीच्या आत. मूळ रूपात ओळ अशी होती:

```
Date: Mon, 8 Jan 2024 18:40:12 +0000
```

शेवटचं ‘+0000’ म्हणजे ही जागतिक प्रमाणवेळ आहे. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. काही मेल यंत्रणा हीच वेळ नोंदवतात, आणि प्रत छापताना ती तशीच उतरते. साडेपाच तास मिळवले की मेल गेला तो 9 जानेवारीला, रात्री 12 वाजून 10 मिनिटांनी. मग ‘उद्या’ म्हणजे अक्षरशः 10 तारीख, मुदत संपल्यानंतरची!

मला वाटतं, इथं शब्दाला धरून बसणं चूक होईल. रात्री बारानंतर जागा असलेला माणूस ‘उद्या’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात झोपून उठल्यावरची सकाळ असते. पण हे माझं वाचन आहे, मेलमध्ये लिहिलेलं नाही, आणि अहवालात ते तसंच वेगळं मांडलं पाहिजे. निष्कर्ष त्यावर टेकवू नका. सुदैवानं इथं तशी गरज नाही. शिफारस करण्याची तयारी कधी कळवली, तर मुदतीच्या शेवटच्या दिवशी. 9 तारीख संपायला तेव्हा जवळजवळ चोवीस तास बाकी होते.

## निष्कर्ष तीन ओळींत, तीन वेगळे

आता पहिल्या कागदाकडे या. प्रकरणाची तारीख: 4 नोव्हेंबरला वाढवून दिली, वाद नाही. शिफारस: 1 डिसेंबरला अटीसह पुढे ढकलली, 27 डिसेंबरला गाइडनं मुदतवाढ गृहीत धरून काम आखून दिलं, 9 जानेवारीला मसुदा मान्य करून सही करण्याचं कळवलं. सही झाल्याचा कागद नाही. मंजुरी: एकाही मेलमध्ये नाही, विद्यापीठाच्या ऑफिसाला एकाही मेलची प्रत गेलेली नाही.

म्हणजे ‘गाइडनं मुदतवाढ दिली होती’ हे विद्यार्थिनीचं वाक्य टिकत नाही, आणि ‘मी काहीच कबूल केलं नव्हतं’ हे गाइडचं वाक्यही टिकत नाही. टिकतं ते असं: गाइडनं शिफारस करण्याचं मुदत संपण्याआधी मान्य केलं होतं, आणि त्यावर कृती झाली नाही.

हा फरक विद्यार्थिनीच्या उपयोगाचा आहे. ‘मुदतवाढ मिळालीच होती’ असा दावा करून ती ऑफिसात गेली तर मंजुरीचं पत्र मागतील आणि तिच्याकडे ते नाही. त्याऐवजी तिनं विलंब माफ करून मुदतवाढीचा अर्ज विचारात घ्यावा, अशी लेखी विनंती करावी. अर्ज स्त्रियांसाठीच्या दोन वर्षांच्या सवलतीखाली असल्याचं त्यात स्पष्ट लिहावं. सोबत 2 नोव्हेंबर, 4 नोव्हेंबर, 27 डिसेंबर, 5 जानेवारी आणि 9 जानेवारी हे पाच मेल पूर्ण स्वरूपात, 5 जानेवारीचा मसुदा जोडपत्रासह, आणि 18 डिसेंबरच्या आरएसीच्या इतिवृत्ताची प्रत. 4 नोव्हेंबरचं ‘चालेल’ 9 जानेवारी ही तारीख गाइडला माहीत होती हे दाखवण्यापुरतंच जोडायचं, त्याखाली लाल रेघ मारायची नाही. समितीतल्या कोणीतरी दोन प्रश्न वाचले आणि उत्तर दुसऱ्याला होतं हे पाहिलं, की बाकीच्या खऱ्या मेलवरचाही विश्वास उडतो.

2022 च्या विनियमांखाली, म्हणजे नोव्हेंबर 2022 नंतर, प्रवेश घेतलेल्यांसाठी तिसऱ्या ओळीतले आकडे बदलतात. सहा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं, एकूण आठच्या आत. स्त्रिया आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन, एकूण दहाच्या आत. पुनर्नोंदणी ही विद्यापीठाच्या अध्यादेशाप्रमाणे होणारी वेगळी प्रक्रिया आहे. तिच्यासाठी गाइडच्या मेलमध्ये ‘एक्स्टेन्शन ओके’ असेल तर ते आणखीच अपुरं ठरतं, कारण तिथं अर्जही वेगळा लागतो.

मेलमध्ये कुठं खिंडार दिसलं, म्हणजे ‘फोनवर बोललो तसं’ किंवा ‘व्हॉट्सॅपवर पाठवलं आहे’ असं आलं, तर तिथं थांबून ते संभाषण मागवा. न मिळाल्यास अहवालात ‘या तारखेचं संभाषण उपलब्ध झालं नाही’ एवढंच लिहा. दोन्ही बाजूंचा मजकूर पाहून आपण ती जागा मनानं भरून काढतो, आणि ज्याची कणव येते त्याच्या बाजूनं भरतो. माझ्याकडून एकदा तसं झालं होतं. व्हॉट्सॅपचा संदेश नंतर मिळाला तेव्हा त्यात गाइडनं स्पष्ट लिहिलेलं होतं की शिफारस देणार नाही, आणि मला अहवाल पुन्हा लिहावा लागला.